आईशी बोललेली बाई

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही घसाबाईंनी लिहायला लावली. त्या स्पीच थेरपिस्ट आहेत, हे नाव मी ठेवलंय, त्यांना माहीत नाही. म्हणाल्या, "किती वेळ सराव केला, कुणाशी बोललात, समोरचा काय म्हणाला, एवढंच लिहा. मनातलं लिहायची गरज नाही." गरज नाही म्हटलं की मला नेमकं तेच लिहावंसं वाटतं.

दीड वर्ष हार्मोनच्या गोळ्या घेतेय तरी आवाज होता तिथेच, असं मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. "गोळ्यांनी कातडी मऊ होते, अंग बदलतं. आवाज नाही. वयात येताना स्वरतंतू एकदा जाड झाले की झाले. वाद्य तेच राहणार, वाजवायची पद्धत बदलायची." मग माइकसमोर एक उतारा वाचून घेतला. माझी सरासरी पट्टी ११२ हर्ट्झ. बायकांची साधारण १६५ च्या पुढे सुरू होते म्हणे.

"मग १६५ करू," मी म्हणाले.

"नुसती पट्टी चढवलीत तर बाई नाही, चिरका पुरुष ऐकू येतो. खरं काम घुमाऱ्याचं. तुमचा आवाज छातीत घुमतो. तो तोंडात, पुढे आणायचा. आणि हलका करायचा. मग बोलण्याची चाल."

ऑपरेशनचं विचारलं. त्याने पट्टी चढते, घुमारा जिथल्या तिथे राहतो, आणि आवाजाची ताकद जायची भीती. "आधी वर्षभर मेहनत करा. वर्षाने फोनवर दहातल्या सहा-सात जणांना बाई वाटाल. बाकीच्यांचं सांगत नाही."

मला दहापैकी दहा हवेत. सात म्हणजे काठावर पास.

११ फेब्रुवारी, बुधवार

सराव: सकाळी दहा मिनिटं, दुपारी पाच, संध्याकाळी दहा. जास्त करायचा नाही, घसा दुखला की थांबायचं.

ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत गुणगुणायचं. मग गिळताना कंठमणी वर जातो तो बोटाने ओळखायचा आणि न गिळता तसाच वर धरायला शिकायचं. त्यासाठी आधी मोठ्या कुत्र्यासारखं धापायचं, मग छोट्या कुत्र्यासारखं. छोट्या कुत्र्याला गळ्यातली जागा लहान होते, ती तशीच ठेवून बोलायचं. शेजारच्या काकूंनी आज जिन्यात विचारलं, "कुत्रं पाळलंयस का गं?" मी मान डोलावली. मान डोलवायला पट्टी लागत नाही.

काकू मला "गं" म्हणतात. त्यांच्यासमोर मी अजून पूर्ण वाक्य बोललेले नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

कपड्यांच्या दुकानात गेले. दाढीवर लेझरच्या सहा बैठका झाल्यात, तरी हनुवटीखाली निळसर झाक राहते. तिच्यावर आधी नारिंगी मेकअप लावून मग त्वचेचा रंग. खांदे रुंद म्हणून गळा खोल असलेला टॉप, कॉलर नाही, गडद रंग वर आणि घेर खाली. हे सगळं मी पाठ केलंय. आरशात स्वतःला बघते तेव्हा अगदीच वाईट वाटत नाही, हे इथे लिहून ठेवते, उद्या पटणार नाही.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, हा रंग खुलतो तुम्हाला." तीनदा ताई म्हणाली. मग मी विचारलं, "यात एक साइज मोठा आहे का?" ती क्षणभर थांबली, नजर माझ्या हातांवर गेली, मग गळ्यावर. नंतर ती मला काहीच म्हणाली नाही. ना ताई, ना दादा. "बघते," एवढंच. वाईट वागली नाही बिचारी. पण तोंड उघडेपर्यंत मी ताई असते आणि उघडलं की प्रश्न होते.

टॉप घेतला नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवारी माझी सुट्टी. घसाबाईंचा गृहपाठ: दहा अनोळखी ठिकाणी फोन करून उघडायची वेळ विचारायची आणि समोरचा काय म्हणतो ते लिहायचं. फोन मुद्दाम, कारण फोनवर कपडे कामाला येत नाहीत.

सर, सर, काही नाही, सर, "बोला साहेब", काही नाही, सर, मॅडम(!), सर, सर.

मॅडम म्हणणारा बेकरीवाला होता आणि मागे यंत्र धडधडत होतं, तेव्हा तो धरायचा की नाही माहीत नाही. कामावर तरी काय वेगळं. मी मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासते, पॉवर लावते. दुकानांचे फोन आले की मालकच उचलतात. त्यांना वाटतं ते माझ्यावर उपकार करताहेत. खरंच करताहेत, म्हणून राग येतो.

दहा झाल्यावर अकरावा फोन घरी लावला.

का लावला ते नीट सांगता येणार नाही. दोन वर्षं झाली. दादाने सांगितलं होतं, या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. तेव्हा आई खुर्चीत बसून होती, काही बोलली नाही. एक शब्द नाही. तिच्या डोळ्यांतला मधला भाग गेलाय, कडेकडेचं दिसतं, समोरच्याचा चेहरा दिसत नाही. मी शेकडो लोकांना चष्मे करून देते आणि जिला चष्म्याचा उपयोग नाही ती माझी आई. मी बदलले ते तिने पाहिलेलंच नाही. तिच्याकडे माझं म्हणून फक्त आवाज होता, जुना.

दुपारी तीनला दादा ऑफिसात, वहिनी शाळेत. आईनेच उचलला. मी सगळी जागा लहान केली, आवाज ओठांत आणला, म्हणाले, "टेलरचं दुकान ना?"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग: "नाही हो बाई. घर आहे हे."

बाई!

मी फोन ठेवला आणि जमिनीवर बसले. मला इतकं रडू आलं की शेजारच्या काकूंनी भिंत वाजवली. कुत्रं आजारी आहे वाटलं असेल त्यांना.

५ मार्च, गुरुवार

पुन्हा लावला. घसाबाई म्हणतातच, ओळखीच्या माणसाशी बोलताना आवाज जुन्या जागी घसरतो, तोच सराव सगळ्यात अवघड. तेव्हा हा सरावच. असं स्वतःला सांगितलं.

डोळ्यांच्या दवाखान्यातून पाहणीसाठी बोलतेय, असं खोटंच सांगितलं. दोन थेंब रोज घालता का, पायऱ्या दिसतात का, वगैरे. आईने सगळ्याची नीट उत्तरं दिली. शेवटी म्हणाली, "गुरुवारी याच वेळेला करत जा. घरात कुणी नसतं, निवांत बोलता येतं."

पाहणीवाल्या बाईलासुद्धा निवांत बोलायला बोलावते ती. किती एकटी असेल.

२० मार्च, शुक्रवार

काल "अहो"चं "अगं" झालं. "अगं, थेंबांचं सोड, तू जेवलीस का?" आयुष्यात पहिल्यांदा आई मला अगं म्हणाली, आणि ती मला नाही म्हणाली, दवाखान्यातल्या कुणा पोरीला म्हणाली. असला आनंद देवाने शत्रूलाही देऊ नये.

मी विचारलं, घरी कोण कोण असतं. ही माझी हरामखोरी, पाहणीत हा प्रश्न नसतो. म्हणाली, "मोठा मुलगा, सून. आणि धाकटं लांब असतं." धाकटं! धाकटा म्हटलं असतं तरी चाललं असतं. वस्तूसारखं धाकटं. आज दिवसभर तेच डोक्यात होतं, दोन काचा उलट्या घासल्या. मालकांनी नव्या काचा पुढ्यात ठेवल्या.

घसाबाईंकडे सरासरी १५१. घुमारा पुढे येतोय. "छान," त्या म्हणाल्या. शिंक आली तेव्हा मात्र भिंती हादरल्या. शिंक, खोकला, हसू, हाक, या चार गोष्टींना शिकवण सगळ्यात शेवटी लागते म्हणे.

२ एप्रिल, गुरुवार

लावला तर मागे भांड्यांचा आवाज, वहिनी घरी होती. मी "हॅलो" म्हणताच आई मोठ्याने म्हणाली, "राँग नंबर!" आणि फोन आपटला.

पंधरा दिवसांत विसरली मला. म्हणजे त्या बाईला. तिलाही विसरली.

९ एप्रिल, गुरुवार

लावणार नव्हते. लावला. पहिल्याच घंटेला उचलला. "गेल्या वेळी सुनेला सुट्टी होती," असं म्हणाली, मी काही विचारलंही नव्हतं.

मग उगाच माझा आवाज ओढलेला वाटतो म्हणाली. "गळा ताणून बोलू नको गं. दिवसभर बोलायचं काम तुझं. मधे मधे पाणी पी. सांभाळून रहा." म्हाताऱ्या माणसांना सगळ्यांची काळजी, फुकटची. मग दवाखान्याचा नंबर मागितला, काही लागलं तर असावा म्हणून. मी माझाच दिला. तिने तीनदा म्हणून पाठ केला. आकड्यांची बटणं ती बोटांनी ओळखते.

तो राँग नंबर सोडला तर आतापर्यंत आईशी चार फोन, चारही वेळा बाई. बाहेर तीसपैकी अकरा. माझ्या वहीत आईचं पान सगळ्यात चांगलं आहे, ते उघडून बघते अधूनमधून.

२३ एप्रिल, गुरुवार

आज पंचवीस मिनिटं बोललो. गप्पाच. तिने लहानपणी मोठ्या बहिणीचा फ्रॉक घालून शाळेत जायचा हट्ट धरला होता, ते सांगितलं. "ज्याला जे घालावंसं वाटतं ते घालू द्यावं गं, आम्हाला तेव्हा अक्कल नव्हती." मी म्हटलं, हो ना, मुलंच ती. काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं म्हणून. मग तिने थेंबांचं काढलं.

घसाबाईंना ऐकवायला स्पीकरवर ठेवून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड केलं. खऱ्या संभाषणात आवाज किती टिकतो ते बघू म्हणाल्या होत्या. मला खात्री होती, आज त्या चकित होणार.

२८ एप्रिल, मंगळवार

चकित मीच झाले.

घसाबाईंनी संगणकावर पट्टीची रेघ काढून दाखवली. सुरुवात १७४. पाच मिनिटांनी १५०. दहाव्या मिनिटाला १२६. फ्रॉकच्या गोष्टीला मी हसले ते १०४ वर, गडगडाट. त्यानंतर खोकला. त्यानंतर शेवटपर्यंत ११५ च्या आसपास, घुमारा पूर्ण छातीत. म्हणजे पंधरा मिनिटं मी आईशी जुन्या आवाजात बोलत होते आणि मला पत्ता नाही.

आणि आई अगं म्हणत होती. शेवटपर्यंत.

घसाबाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं. "आईंच्या लक्षात आलं नसेल, असं वाटतं तुम्हाला?"

"कसं येणार? कान गेलेत तिचे."

"मला तसं म्हणायचं नव्हतं—"

मी पुढचं ऐकलंच नाही. पैसे दिले आणि उतरले. आधी डोळे, आता कान. दुष्काळात तेरावा महिना. १७४ आणि १०४ मधला फरक जिला कळत नाही तिने मला बाई म्हटलं, यात माझं काय कर्तृत्व? ती खांबालाही बाई म्हणाली असती. वहीतलं ते पान फाडलं.

आणि मी कोण, तर आंधळ्या-बहिऱ्या म्हातारीला खोटी ओळख सांगून फसवणारी. दादा बोलला त्याहून वाईट केलं मी. आता तिला फोन करायचा नाही.

१० मे, रविवार

दोन गुरुवार फोन केला नाही. दोन्ही गुरुवारी तीन ते चार सराव केला. मग चार ते सहा. मग रोज तीन तास, स्वयंपाक करताना, काचा घासताना, रस्त्यात. घसा दुखतोय. दुखू दे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून आड खोदतेय.

बाहेर सत्तेचाळीसपैकी सोळा. बसमध्ये वाहक "मॅडम, पुढे सरका" म्हणाला, मी "उतरायचंय" म्हणाले, तो म्हणाला, "मग उतर ना बाबा." लोक हसले. तो मुद्दाम नाही म्हणाला, त्याला जे ऐकू आलं ते म्हणाला. तेच जास्त लागतं. मुद्दाम म्हणणाऱ्याला शिवी देता येते.

११ मे, सोमवार

सकाळी आवाजच नाही. फुसफुस, आणि तिच्याखाली एक घरघर. घशाच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून कॅमेऱ्याने बघितलं. स्वरतंतू सुजलेत. सात दिवस पूर्ण मौन, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने जास्त ताण येतो. ऐकलं नाही तर गाठी होतील आणि मग केलेली सगळी मेहनत पाण्यात.

घसाबाईंनी निरोप पाठवला: "रविवारपर्यंत मौन. नंतर भेटा. आईंच्या रेकॉर्डिंगविषयी बोलायचं राहिलंय." मला त्यावर काही बोलायचं नाहीये, आणि सध्या येतही नाहीये.

१४ मे, गुरुवार

तीन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. घरचा नंबर.

उचलला. बोलता येत नव्हतंच.

"हॅलो," आई म्हणाली. "दवाखान्यातलीच ना तू?" मी फोन कानाशी धरून. "दोन गुरुवार वाट बघितली. बरी आहेस ना?" काहीतरी करायला हवं म्हणून मी फोनच्या कडेवर नखाने टक् केलं. अगदी हळू.

"हं. आहेस," ती म्हणाली. योगायोग, दुसरं काय.

"घसा बसलाय वाटतं. बोलू नको मग, मीच बोलते." मग सांगितलं की दादाची बदली झालीये, सगळे दुसऱ्या गावी चाललेत. शनिवारी सामान जाणार, संध्याकाळी हा फोन बंद. नव्या घरी असला फोन नाही, आणि मोबाइलची काच तिला दिसत नाही. "तर तुला काही विचारायचं राहिलं असेल, तर शनिवारी दुपारपर्यंत विचार. मी फोनजवळच बसते. कशीही बोललीस तरी चालेल मला."

कशीही! तिला चालणारच. ऐकू येतंच किती.

मग नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. शेवटी "ठेवते गं बाळ," म्हणाली, पण ठेवायला तिला वेळ लागला. दिसत नाही ना, जागा चाचपडावी लागते.

१६ मे, शनिवार

आज रजा घेतली. सकाळपासून एकच विचार. ही शेवटची संधी, तेव्हा सगळं खरं सांगून टाकायचं. मी कोण आहे ते. ऐकू येवो न येवो.

दोन वाजता मौन मोडून एकदाच "आई" म्हणून बघितलं, मोबाइलवरचं पट्टी मोजायचं मीटर समोर ठेवून. ९६. आजवरचा सगळ्यात खालचा आकडा. बाबा सकाळी उठून हाक मारायचे तसा, हुबेहूब. सूज आली की तंतू जड होतात, मला ठाऊक आहे. पण ठाऊक असून काय करायचं? थोडंफार जरी तिच्या कानात शिरलं, तर तिला शेवटचा ऐकू येणार तो त्या माणसाचा आवाज, ज्याला मी दोन वर्षं पुरतेय. दोन वर्षं थांबले, अजून दोन दिवस थांबेन. सोमवारी नीट आवाजात बोलेन. कुणाला तरी विचारून नवा पत्ता काढेन. दादा देणार नाही, वहिनी देणार नाही, तरी बघू.

तीन वाजता फोन हातात होता. साडेतीनला पण. शेवटचा आकडा दाबला नाही. साडेचारला कामाचा निरोप आला, त्याला उत्तर लिहिलं. मग पाच वाजले.

१८ मे, सोमवार

मौन काल संपलं. सकाळी फक्त स्ट्रॉ, मग गुणगुणणं, मग चष्म्याचे आकडे: उणे सव्वादोन, उणे दीड, अक्ष नव्वद. छातीवर हात ठेवला तर काही हलत नाही, सगळं ओठांत. १७८, आणि तिथेच टिकून. घसाबाईंना रेकॉर्डिंग पाठवलं. "आजवरचा सगळ्यात चांगला," त्यांनी लिहिलं. "फार बोलू नका आज."

कामावर मालक बाहेर गेले होते, फोन मी उचलला. "मॅडम, त्या बायफोकल झाल्या का?" "उद्या देते," मी म्हणाले. "बरं मॅडम."

तीन वाजता घरचा नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई सांगत होती, रेकॉर्ड केलेली. ती थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. चौथ्यांदा ती थांबली तेव्हा मी म्हणाले, "आई, मी बोलतेय."

आवाज जराही फाटला नाही.